गावरान कोंबडा पहिला, खिमा शेवटी

कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मांसाहारी जेवणाचे एखादे हॉटेल घ्या. मेनूकार्डावर 'थाळी' या मथळ्याखाली सहा पदार्थ आहेत. जी थाळी आधी सुरू झाली ती वर आणि जी नंतर सुचली ती खाली, एवढाच त्यांचा क्रम. पदार्थाचे नाव डावीकडे, मग टिंबांची रांग, मग उजवीकडे भाव. वर्णन म्हणून फार तर 'स्पेशल' हा एक शब्द, आणि तोही सहापैकी चार थाळ्यांपुढे. छापखान्यात कार्ड लावून देणाऱ्याने जुने कार्ड समोर ठेवून नवे केले, मालकाने भाव तेवढे तपासले, आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन होऊन कार्ड टेबलावर आले.

हे कार्ड बदलून महिन्याची शिल्लक वाढवता येते, आणि त्यासाठी एकाही थाळीचा भाव वाढवावा लागत नाही. पण कामाची सुरुवात शब्दांपासून होत नाही, वहीपासून होते. कोणता पदार्थ खपवायचा आहे हे ठरण्याआधी वर्णने लिहिणे म्हणजे फुकट गेलेली शाई.

समजा, या हॉटेलात महिन्याला १२०० थाळ्या जातात. अंडा करी थाळी १६० रुपयांची, तिचा कच्चा माल ५५ रुपयांचा, खप २४०. चिकन थाळी २६० ची, माल १२५, खप ४२०. मटण थाळी ४२० ची, माल २४५, खप ३००. खिमा थाळी ४०० ची, माल २०५, खप ८०. गावरान कोंबडा थाळी ४५० ची, माल २५०, खप १००. आणि चिकन बिर्याणी २२० ची, माल १३०, खप ६०. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अशा धंद्यात सहज दिसतील असे आहेत.

मालाचा खर्च काढताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे रस्सा. गावरान थाळीचे २५० रुपये असे झाले: ६०० रुपये किलोचा साफ केलेला कोंबडा पाव किलो, म्हणजे १५०. वाटण, मसाला, तेल २५. दोन भाकऱ्या १२, भात १०, कांदा-लिंबू-दही ८. उरलेले ४५ रुपये तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे. यात पहिली वाटी थोड्या पैशांत होते, पण कोल्हापुरी पद्धतीत रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो, आणि पांढऱ्या रश्श्यात मटणाच्या अळणीबरोबर नारळाचे दूध, काजू, खसखस असा महागडा माल असतो. दिवसभरात रश्श्याची किती पातेली लागली आणि किती थाळ्या गेल्या याचा भागाकार केल्याशिवाय हा ४५ चा आकडा हाती येत नाही. तो नसेल तर पुढचे सगळे गणित कागदावरच छान दिसते.

आता बहुतेक मालक काय पाहतात? फूड कॉस्टची टक्केवारी. त्या हिशेबात अंडा थाळी सर्वांत गुणी ठरते, कारण तिच्या भावात मालाचा वाटा जेमतेम ३४ टक्के आहे. गावरान थाळीत तो ५५ च्या वर जातो, म्हणून ती 'महाग पडते' असे म्हटले जाते. पण गल्ल्यात टक्के जमा होत नाहीत, रुपये होतात. अंडा थाळीमागे १०५ रुपये उरतात, गावरानमागे २००. चिकनमागे १३५, मटणामागे १७५, खिम्यामागे १९५, बिर्याणीमागे ९०. गिऱ्हाईक एकाच वेळी एकच थाळी खाणार असेल, तर त्या खुर्चीतून मालकाला काय मिळाले हे या आकड्यांवरून कळते.

हा विचार पद्धतशीर मांडला अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी, १९८२ मध्ये. त्यांनी प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारले: खपतो का, आणि खपला तर रुपये किती सोडतो? दुसऱ्या प्रश्नासाठी सरासरी काढायची. आपल्या उदाहरणात सहा थाळ्यांची मिळून महिन्याची शिल्लक १,७५,४०० रुपये होते, म्हणजे थाळीमागे सुमारे १४६. पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी एक सोपी रेघ आखली. सहा पदार्थ सारखेच खपले असते तर प्रत्येकाच्या २०० थाळ्या गेल्या असत्या. त्याच्या ७० टक्के, म्हणजे १४० च्या वर गेलेला पदार्थ लोकप्रिय, खालचा नाही.

ही चाळणी लावली की मटण थाळी दोन्हीकडे पास होते. तिला त्यांनी तारा म्हटले. चिकन आणि अंडा थाळी भरपूर खपतात पण सरासरीपेक्षा कमी सोडतात, ते राबणारे घोडे. खिमा आणि गावरान कोंबडा पैसे चांगले सोडतात पण कोणी मागवत नाही, ती कोडी. बिर्याणी दोन्हीकडे नापास, तिच्या वाट्याला त्यांच्या भाषेत कुत्र्याचे नाव आले. मेनूकार्डाच्या कारागिरीचा खरा उपयोग कोड्यांवर होतो. तारा स्वतःच्या नावावर खपतो, घोडा भावावर खपतो, पण कोड्याची गिऱ्हाइकाशी ओळख करून द्यावी लागते.

ओळख करून द्यायची म्हणजे शब्द आले. इथे आपल्याकडची सवय 'चविष्ट', 'रुचकर', 'खास', 'लज्जतदार' अशी विशेषणे पेरण्याची. ती जवळपास निकामी आहेत. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफस्की यांनी अमेरिकेतील साडेसहा हजार मेनूकार्डांची भाषा तपासली तेव्हा असे दिसले की 'स्वादिष्ट' जातीचे मोघम गोड शब्द स्वस्त हॉटेलांतच जास्त सापडतात. महाग हॉटेल आपले अन्न ताजे किंवा चवदार आहे असे सांगत बसत नाही, ते गृहीतच धरते. सांगावे लागते तिथे शंका असते, हे वाचणाऱ्याला न शिकवता कळते.

मग काय लिहायचे? जे खरे आहे आणि डोळ्यांसमोर उभे राहते ते. 'स्पेशल गावरान चिकन थाळी' याऐवजी असे लिहून पाहा: 'गावरान कोंबडा थाळी. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर दीड तास शिजवलेला कोंबडा, तांबडा-पांढरा रस्सा, तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी.' यात एकही विशेषण चवीबद्दल बोलत नाही. मसाला कोणता, शिजायला किती वेळ लागला, ताटात सोबत काय येते, एवढेच सांगितले आहे. पण दीड तास वाचला की हाडापासून सुटणारे मांस आठवते आणि तव्यावरून थेट आलेली भाकरी वाचली की वाफ दिसते. शिवाय ४५० रुपये कशाचे, याचे उत्तर भाव दिसण्याआधीच मिळून जाते.

खिमा थाळीचे काम वेगळे आहे. बाहेर खिमा न मागवण्याचे कारण बहुधा चव नसते, संशय असतो: उरलेले मांस तर नाही ना? तेव्हा तिच्या वर्णनाने त्या संशयाला उत्तर द्यायला हवे. 'सकाळी आणलेल्या बोकडाच्या मांसाचा हाताने कापलेला खिमा, हिरवा वाटाणा, वरून लिंबू.' ते मांस खरोखर सकाळी येत असेल आणि खिमा खरोखर हाताने कापला जात असेल, तरच.

नुसते नाव बदलून मागणी बदलते का, याचा एक चांगला प्रयोग २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजी तीच, शिजवण्याची रीत तीच, फक्त पाटीवरचे नाव रोज बदलायचे. साध्या नावापेक्षा चवीला साद घालणारे नाव असताना २५ टक्के जास्त लोकांनी ती भाजी घेतली. 'कमी साखरेची', 'कमी तेलाची' अशा पथ्याच्या नावाशी तुलना केली तर फरक ४१ टक्क्यांचा निघाला. आपल्याकडे 'डाएट', 'हेल्दी', 'लो ऑइल' लिहून पदार्थ खपवू पाहणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. अर्थात ते भोजनगृह स्वतः वाढून घेण्याचे होते, कार्ड वाचून मागवण्याचे नव्हते, म्हणून आपल्या थाळीचा खप नेमका तेवढाच वाढेल असे कोणी समजू नये.

याच विषयात आणखी एक आकडा सल्लागार मंडळी फार फिरवतात: वर्णन लिहिले की खप २७ टक्के वाढतो. तो ब्रायन वॉन्सिंक यांच्या २००१ च्या लेखातला. २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्या संशोधनात गैरप्रकार आढळले आणि त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यामुळे कोणी २७ टक्क्यांची हमी देऊन फी मागितली, तर त्याला एक कप चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

वर्णन सहाही थाळ्यांना देऊ नये. दोन कोड्यांना पूर्ण ओळ, ताऱ्याला चार शब्द, बाकीच्यांना नुसते नाव. सगळेच पदार्थ बोलायला लागले तर गिऱ्हाईक वाचणे सोडून वेटरलाच विचारते.

आता जागा. हॉटेल व्यवसायात वर्षानुवर्षे एक समजूत चालत आली आहे की दुपानी कार्ड उघडले की नजर आधी उजव्या पानाच्या मध्याच्या थोडे वर जाते, म्हणून महागडा पदार्थ तिथे लावावा. सिबिल यांग यांनी २०१२ मध्ये नजरेचा माग टिपणारे यंत्र लावून हे तपासले, तेव्हा अशी कोणतीही जादूची जागा सापडली नाही. लोक पुस्तकासारखे, पहिल्यापासून क्रमाने वाचत होते. जे सापडते ते याहून साधे आहे. एरान दायान आणि माया बार-हिलेल यांनी तेल अवीवच्या एका कॅफेत पदार्थांची जागा आलटून पालटून पाहिली. आपल्या गटात पहिल्या किंवा शेवटच्या जागी असताना तोच पदार्थ मधल्या जागेपेक्षा जास्त मागवला गेला, काही बाबतीत दुपटीपर्यंत. महत्त्वाचे आहे ते 'आपल्या गटात'. संपूर्ण कार्डाच्या शेवटी, पापड आणि ताकाच्याही खाली चिकटवलेल्या पदार्थाला हा फायदा मिळत नाही.

म्हणून आपल्या सहा थाळ्यांचा नवा क्रम असा: गावरान कोंबडा, मटण, चिकन, अंडा करी, बिर्याणी, आणि शेवटी खिमा. गावरान पहिला ठेवल्याने आणखी एक गोष्ट साधते. ४५० वाचून झाल्यावर ४२० ची मटण थाळी सर्वांत महागडी राहत नाही. चिकन आणि अंडा मध्ये गेले म्हणून त्यांचे काही बिघडत नाही, ज्याला ते हवे आहेत तो शोधून मागवतो. पण हा क्रम सगळीकडे चालणार नाही. गिऱ्हाईक मुख्यतः ट्रकचालक आणि विद्यार्थी असतील तर पहिल्याच ओळीतला ४५० चा आकडा त्यांना खुर्चीतून उठवेल. तिथे मटण वर घ्यावे आणि गावरानचा नाद सोडावा.

भावाची उजवीकडची रांग मात्र सरसकट काढून टाकावी. टिंबांच्या मागे एकाखाली एक लावलेले भाव म्हणजे दरपत्रक. गिऱ्हाईक ते वरून खाली वाचते, सर्वांत छोटा आकडा पकडते आणि मग डावीकडे जाऊन तो पदार्थ कोणता हे पाहते. वर्णन संपते तिथेच, त्याच अक्षरांत, भाव लिहिला की आधी पदार्थ वाचावा लागतो. चलनाचे चिन्ह काढण्याबद्दलही कॉर्नेलचा २००९ चा एक अभ्यास आहे. अमेरिकेतील एका पाककला संस्थेच्या उपाहारगृहात नुसता आकडा छापलेले कार्ड मिळालेल्या पाहुण्यांनी डॉलरचे चिन्ह किंवा शब्द छापलेल्या कार्डांपेक्षा जास्त खर्च केला. करून पाहायला हरकत नाही, पण माझ्या मते रांग मोडणे हे चिन्ह पुसण्यापेक्षा मोठे काम आहे.

या सगळ्याने मिळणार काय? समजा, रोज दोन गिऱ्हाइके चिकन थाळी सोडून गावरानकडे वळली. प्रत्येकामागे ६५ रुपये जास्त, महिन्याला ६० थाळ्यांचे ३,९०० रुपये. वर्षाला सुमारे ४७ हजार. कोणी श्रीमंत होत नाही, पण कार्डाच्या छपाईचा खर्च पहिल्याच महिन्यात निघावा. आणि यातही एक खाच आहे. गावरानकडे वळलेले लोक चिकनवाले नसून मटणवाले असतील तर थाळीमागे ६५ नव्हे, २५ रुपयेच वाढतात. गावरानचा खप वाढला म्हणून खूश होण्याआधी कोणाचा खप घटला हे पाहावे लागते. शिवाय गावरान कोंबडा आधी शिजवून ठेवावा लागतो. संध्याकाळी एक थाळीभर कोंबडा उरून टाकावा लागला की २५० रुपये गेले, म्हणजे जवळपास चार वळलेल्या गिऱ्हाइकांची कमाई. म्हणून सुरुवातीला रोज मोजकाच शिजवावा आणि संपला की संपला म्हणून सांगावे.

तपासणीसाठी वेगळे यंत्र लागत नाही, स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुरतात. मात्र तुलना कधीची कधीशी करायची याचे भान हवे. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मांसाहाराचे वार, आणि सोमवार, गुरुवार, शनिवारी अनेक घरांत वर्ज्य. आषाढाच्या शेवटी गर्दी उसळते, श्रावणात बसते, नवरात्रात पुन्हा बसते. जुलैच्या अखेरीस कार्ड बदलून ऑगस्टचा खप पाहणारा स्वतःलाच फसवतो. मार्गशीर्ष आणि श्रावण टाळून, कार्ड बदलण्याआधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे वारानुसार समोरासमोर ठेवावेत. त्याच चिठ्ठ्यांवर बिर्याणीचाही निकाल लावता येतो. ती एकटी मागवली जात असेल तर काढून टाकावी. पण चार थाळ्यांबरोबर एक बिर्याणी असे वारंवार दिसत असेल, तर ती लहान मुलासाठी आहे. ती काढली तर ते अख्खे कुटुंब पुढच्या वेळी शेजारच्या हॉटेलात जाईल.

घरपोच ऑर्डरच्या ॲपवर मात्र हा क्रम जसाच्या तसा चढवू नये. तिथले कमिशन विक्रीच्या भावावर कापले जाते, म्हणून ज्याचा माल महाग त्याला ते जास्त झोंबते. समजा, २५ टक्के कापले गेले. मग गावरानमागे सुमारे ८७ रुपये उरतात, खिम्यामागे ९५, आणि टेबलावरचा तारा असलेली मटण थाळी ७० वर येऊन चिकनच्या बरोबरीला बसते. ॲपवर पहिला मान खिम्याचा. डब्याचे पैसे यातून अजून वजा व्हायचे आहेत.

शब्दांच्या बाबतीत एक गोष्ट कायद्याची आहे. महामार्गावर 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या इतक्या झाल्या आहेत की तेवढ्या चुली पेटल्या तर रस्ता धुराने दिसेनासा व्हावा. आत गॅसची शेगडी असते हे गिऱ्हाइकालाही कळते, आणि मग त्याच कार्डावरचा खरोखर हाताने कापलेला खिमाही त्याला खोटा वाटू लागतो. ब्रॉयलर कोंबडी शिजवून गावरान लिहिणे तर सरळ फसवणूक आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ मध्ये खाद्यपदार्थाचे खोटे किंवा दिशाभूल करणारे वर्णन करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शेवटची विनंती लॅमिनेशनबद्दल. ते करू नका. मटण किलोमागे ६० रुपयांनी चढले की दोनशे ग्रॅमच्या थाळीमागे १२ रुपये जातात आणि १७५ चे १६३ होतात. कोंबडा महागला, काजू महागले, की कोडी आणि तारे जागा बदलतात. साध्या जाड कागदावर थोडी थोडी कार्डे छापून घ्या आणि दर तीन महिन्यांनी वही उघडून क्रम नव्याने लावा.